प्रोबेशन म्हणजे बिनहक्काची नोकरी नव्हे

जुलै २०१३. समाजशास्त्रात एम.ए. आणि नंतर बी.एड. झालेला मी, आमच्या बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नेमणुकीचा कागद घ्यायला गेलो होतो. महाविद्यालयात नव्हे, संस्थेच्या सचिवांच्या घरी. टेबलावर तीन कागद होते. पहिला नेमणुकीचा आदेश, दोन वर्षांच्या परिविक्षेचा, म्हणजे ज्याला आपण प्रोबेशन म्हणतो त्याचा. दुसरा शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरचा करारनामा. तिसरा माझ्याच नावाचा राजीनामा, ज्यावर तारीख सोडून सगळं टाईप केलेलं होतं. "सगळेच करतात सर, ही फॉर्म्यालिटी आहे," असं सचिव म्हणाले. मी तिन्हींवर सही केली.

रात्री वडिलांना सांगितलं. त्यांची उभी हयात ऊसतोडीत गेली. मुकादमाची उचल घेताना कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं. ते एवढंच म्हणाले, "म्हंजी तू येवढं शिकून बी अंगठाच देऊन आलास की."

फेब्रुवारी २०१५ मध्ये, एकोणीस महिने झाल्यावर, सचिवांचा फोन आला : उद्यापासून येऊ नका. लेखी काही नाही, नोटीस नाही, त्या महिन्याचा पगारही नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर शिपायाने सांगितलं की तुमचा राजीनामा मंजूर झालाय. मी घरी आलो आणि गप्प बसलो. प्रोबेशनवरच्या माणसाला कसला हक्क, हेच माझ्या डोक्यात होतं. एम.ए.ला मी कामगार वर्गाच्या शोषणावर प्रश्नपत्रिका सोडवल्या होत्या, पण माझ्या स्वतःच्या नोकरीला कोणता कायदा लागू आहे ते मला माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी एका वकिलांनी विचारलं, "तीस दिवसांत अपील का नाही केलं?" अपील असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

हा लेख त्या तीस दिवसांबद्दल आहे. आपल्या वस्त्यांतली डी.एड., बी.एड., एम.ए. झालेली कितीतरी पोरं-पोरी खाजगी संस्थांच्या शाळांत लागतात. त्यातल्या बहुतेकांना प्रोबेशन म्हणजे मालकाची मर्जी असंच वाटतं.

शिक्षकाचा कायदा वेगळा आहे

पहिली चूक इथेच होते. नोकरीवरून काढलं की माणूस कामगार न्यायालयाकडे धावतो. पण शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका बडतर्फ शिक्षिकेच्या खटल्यात सांगितलं. म्हणजे तो दरवाजा शिक्षकाला बंद. महाराष्ट्रात मात्र त्याच्या कितीतरी आधी दुसरा दरवाजा तयार झाला होता. तो म्हणजे महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. वकील आणि शिक्षक त्याला एमईपीएस कायदा म्हणतात. त्याखालची नियमावली १९८१ ची. शाळा अनुदानित असो की विनाअनुदानित, ती मान्यताप्राप्त असली की हा कायदा लागू होतो. शिक्षकाला लागू होतो, तसाच शाळेतल्या लिपिकाला आणि शिपायालाही लागू होतो.

या कायद्याचं कलम ५ प्रोबेशनबद्दल आहे. कायम रिक्त जागेवर रीतसर नेमलेला माणूस दोन वर्षं प्रोबेशनवर राहतो आणि दोन वर्षं पूर्ण झाली की तो कायम झाला असं मानलं जातं. त्यासाठी संस्थेने वेगळा कागद द्यावा लागत नाही. शिक्षणसेवकासाठी हा काळ तीन वर्षांचा आहे. या मुदतीत काम किंवा वर्तन समाधानकारक नाही असं व्यवस्थापनाचं मत झालं, तर त्याला काढता येतं. पण त्यासाठी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, किंवा नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार. म्हणजे "प्रोबेशनवर नोटीस लागत नाही" हे जे शाळाशाळांत ऐकू येतं, ते कायद्याच्या बरोबर उलट आहे. इतकंच काय, जो प्रोबेशनवरही नाही, निव्वळ तात्पुरता आहे, त्यालाही नियम २८ प्रमाणे एका महिन्याची नोटीस किंवा पगार द्यावा लागतो.

आणि "समाधानकारक नाही" हे मत हवेतून येऊन चालत नाही. प्रोबेशनवरच्या कर्मचाऱ्याच्या कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवावी, असं नियम १५ सांगतो. त्यामुळे अपिलात पहिला प्रश्न असतो तो हाच : दोन वर्षांत तुम्ही या माणसाच्या कामाची नोंद कधी केली, आणि त्याच्या उणिवा त्याला कधी कळवल्या?

करारनामा कुठवर चालतो

आता त्या स्टॅम्प पेपरकडे येऊ. २०२३ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या तालुक्यातली एक शिक्षिका माझ्याकडे आली. आमच्याच धम्म शिबिरात येणारी, मला दादा म्हणणारी. १५ जून २०२१ ला एका प्राथमिक शाळेत लागलेली. जागा कायम, जाहिरात निघालेली, तिची पात्रता पूर्ण, आदेशात दोन वर्षांचं प्रोबेशन स्पष्ट लिहिलेलं. २९ एप्रिलला, निकालाचं काम संपवून घेतल्यावर, मुख्याध्यापकांनी तिला सांगितलं, "जूनपासून येऊ नका." १४ जूनला तिची दोन वर्षं पूर्ण होणार होती. सहा आठवडे उरले होते.

तिने करारनामा पुढे केला आणि म्हणाली, "दादा, मी यावर सही केलीय. आता काय होणार?" त्यात चार कलमं महत्त्वाची होती. संस्था कोणत्याही क्षणी, कारण व नोटीस न देता सेवा समाप्त करू शकेल. कर्मचारी कोणत्याही न्यायालयात दाद मागणार नाही. कर्मचाऱ्याने नोकरी सोडल्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागेल, नाहीतर तीन महिन्यांचा पगार भरावा लागेल. आणि मूळ प्रमाणपत्रं संस्थेकडे राहतील.

आपण एकेक बघू. एमईपीएस कायद्याच्या कलम ४ मधलं सहावं पोटकलम म्हणतं की कोणत्याही कर्मचाऱ्याची सेवा या कायद्याच्या आणि नियमांच्या तरतुदींप्रमाणेच संपवता येईल, एरवी नाही. मग "नोटीस न देता" हे कलम थेट कायद्याला छेद देतं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २३ सांगतं की ज्या कराराने एखाद्या कायद्याची तरतूदच निष्फळ होते, तो करार बेकायदा आणि म्हणून रद्दबातल. सही खरी असली तरी ते कलम उभं राहत नाही. दाद मागणार नाही, या अटीचा निकाल त्याच कायद्याचं कलम २८ लावतं : आपला हक्क न्यायालयात मागायला पूर्ण बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्द. तीन महिन्यांच्या पूर्वसूचनेची अट नियम ४० पुढे टिकत नाही, कारण कायम कर्मचाऱ्यासाठी तीन महिने आणि कायम नसलेल्यासाठी एकच महिना, असं तो नियम म्हणतो. आणि प्रमाणपत्रं ही तिची मालमत्ता आहे. ती अडकवून ठेवणं हा दबाव झाला, सेवाशर्त नव्हे.

मग करारनाम्याला काहीच किंमत नाही का? आहे, पण एकाच दिशेने. कायद्याने दिलेल्यापेक्षा जास्त द्यायचं कबूल केलं असेल, तर त्या कबुलीवर बोट ठेवता येतं. आदेशात संस्थेने दोन महिन्यांची नोटीस लिहिली असेल, तर कायद्यातला एक महिना दाखवून हात झटकता येणार नाहीत. कायदा ही जमीन आहे. करार तिच्यावर मजला चढवू शकतो, तिच्याखाली खड्डा खणू शकत नाही.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हाच प्रश्न विचारला होता. उपाशी, बेरोजगार माणसासमोर हक्क सोडण्याच्या अटीवर नोकरी ठेवली तर तो नोकरीच निवडणार, मग त्याच्या 'स्वतंत्र' संमतीला अर्थ काय? सचिवांच्या घरी सही करणारा मी त्या प्रश्नाचं उत्तर होतो. म्हणूनच काही गोष्टी कायद्याने संमतीच्या पलीकडे ठेवल्या आहेत.

राजीनाम्याचा सापळा

तिच्या बाबतीत एक गोष्ट माझ्यापेक्षा बरी होती. तिने कोऱ्या राजीनाम्यावर सही केलेली नव्हती. ३० तारखेला शाळेतून फोन आला की प्रमाणपत्रं हवी असतील तर येऊन राजीनामा लिहून द्या. ती जायला निघाली होती. मी म्हणालो, "प्रमाणपत्रांसाठी लेखी मागणी कर, पण राजीनामा लिहू नकोस." कारण काढून टाकणं आणि सोडून जाणं यांत कायद्याच्या नजरेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिने राजीनामा दिला असता, तर काढल्याचा पुरावा तिनेच पुसला असता.

आणि ज्यांनी माझ्यासारखी आधीच सही केली आहे त्यांच्यासाठी : कलम ७ मध्ये राजीनाम्याची पद्धत सांगितली आहे. कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. ही तरतूद अशाच कोऱ्या राजीनाम्यांचा विचार करून आल्यासारखी वाटते. संस्थेच्या कपाटातून निघालेल्या, दुसऱ्याच्या अक्षरात तारीख घातलेल्या कागदाला हे वर्णन लागू पडत नाही. पण हे म्हणायचं तर लगेच, लेखी म्हणावं लागतं. मी तीन महिने गप्प बसलो आणि माझ्या गप्प बसण्यानेच तो राजीनामा खरा ठरवला.

तीस दिवस कसे मोजायचे

कलम ९ प्रमाणे बडतर्फ केलेल्या, काढलेल्या किंवा अन्य प्रकारे सेवा संपवलेल्या कर्मचाऱ्याला शाळा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे स्कूल ट्रिब्युनलकडे अपील करता येतं. मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवस. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं, पण त्या भरवशावर राहू नये. लेखी आदेशच मिळाला नाही, तर ज्या दिवशी तोंडी सांगितलं तोच पहिला दिवस धरून चालावं.

आता एप्रिलअखेरच का काढतात ते बघा. २९ एप्रिलपासूनचे तीस दिवस म्हणजे २९ मे. हा सगळा काळ उन्हाळी सुट्टीचा. शाळा बंद, सहकारी गावी, हजेरीपट कपाटात, आणि माणूस मनाशी म्हणतो की जूनमध्ये शाळा उघडल्यावर जाऊन भेटू. शाळा उघडते तेव्हा मुदत गेलेली असते.

आम्ही दुसऱ्याच दिवशी एक साधं पत्र लिहिलं. त्यात वकिली भाषा नव्हती. '२९ एप्रिल रोजी मुख्याध्यापकांनी मला तोंडी सांगितले की जूनपासून येऊ नये. मला कोणताही लेखी आदेश, नोटीस किंवा नोटिशीऐवजी वेतन मिळालेले नाही. मी राजीनामा दिलेला नाही. मी कामावर हजर राहण्यास तयार आहे. माझी मूळ प्रमाणपत्रे परत द्यावीत.' हे पत्र सचिव आणि मुख्याध्यापकांना रजिस्टर पोस्टाने गेलं, प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. शिक्षणाधिकारी तिला परत कामावर घ्यायला लावतील अशी आमची अपेक्षा नव्हती. तो अधिकार न्यायाधिकरणाचा. पण त्या पत्रावरची तारीख हा आमचा पहिला पुरावा झाला.

मग बाकीचा पुरावा. तिच्या फोनमध्ये वर्गाचं वेळापत्रक होतं, परीक्षेच्या कामाचे मुख्याध्यापकांच्या सहीचे आदेश होते. बँकेच्या पासबुकात दरमहा बारा हजार जमा होत, आणि त्यातले पाच हजार तिला रोख परत द्यावे लागत. ती म्हणाली, "मग माझा पगार सातच हजार ना?" नाही. कागदावर बारा हजार आहे, तर नोटिशीचा पगार बारा हजारच. रोख परत दिल्याचा पुरावा तिच्याकडे नव्हता, म्हणून तो मुद्दा आम्ही अपिलाचा आधार केला नाही. जे सिद्ध करता येत नाही ते पुढे केलं की जे सिद्ध करता येतं तेही डळमळतं.

तिच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता यायची होती, आणि संस्था तेच कारण सांगणार हे उघड होतं. पण मान्यता नाही म्हणून नेमणूकच अवैध ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आधीच, सेंट उलाई हायस्कूलच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. नेमणूक कायद्याप्रमाणे झाली का, हे बघायचं. त्यासाठी जाहिरातीचं कात्रण आणि निवडीचा कागद हवा. कात्रण तिच्या आईने ट्रंकेत जपून ठेवलं होतं.

२४ मे रोजी अपील दाखल झालं. त्यात वकिलांनी एक वाक्य आवर्जून घातलं : काढल्यापासून मी अन्यत्र कुठेही नोकरीला नाही. हे वाक्य का हवं, ते आपल्याच मराठवाड्यातल्या खटल्याने ठरवलं. दीपाली सुरवसे खटल्यात औरंगाबादच्या एका शिक्षिकेने शाळेच्या इमारतीच्या करासाठी दरमहा दीड हजार रुपये द्यायला नकार दिला. तिला पंचवीस मेमो दिले, निलंबित केलं आणि शेवटी काढलं. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०१३ रोजी तिला पूर्ण मागील पगार मिळवून दिला आणि सांगितलं की बेकायदा काढलेल्या माणसाला मागील पगारासह परत घेणं हाच सर्वसाधारण नियम. मात्र आपण बेकार होतो हे त्या माणसाने आधी सांगायला हवं. ते खोटं आहे हे सिद्ध करणं मग मालकाचं काम.

पुढे काय झालं, आणि मर्यादा

संस्थेने उत्तरासोबत २८ एप्रिलचा एक आदेश हजर केला. 'काम असमाधानकारक' एवढंच कारण. सोबत दोन वर्षांचे दोन गोपनीय अहवाल. दोन्ही अहवालांत तेच शब्द, त्याच क्रमाने, आणि एकही तिला कधी कळवलेला नाही. नोटीस नाही, एक महिन्याचा पगार नाही. तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. आम्हाला चौदा महिने लागले. न्यायाधिकरणाने काढल्याचा आदेश रद्द केला, तिला परत घ्यायला आणि निम्मा मागील पगार द्यायला सांगितलं. संस्थेने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली आहे. ती आज शाळेत आहे, पण तिची लढाई संपलेली नाही.

म्हणून खोटी आशा दाखवत नाही. संस्थेने वेळोवेळी खऱ्या नोंदी ठेवल्या, उणिवा कळवल्या आणि एक महिन्याची नोटीस दिली, तर प्रोबेशनवरच्या माणसाला काढता येतं. त्यासाठी खातेनिहाय चौकशी लागत नाही. चौकशी लागते ती आदेशाच्या मुळाशी गैरवर्तनाचा आरोप असेल तेव्हा. चोरी केली, उद्धट वागला, असा डाग लावून काढायचं असेल तर आधी बाजू मांडू द्यावी लागते. आणि अपील जिंकलं तरी परत घेणं योग्य नाही असं न्यायाधिकरणाला वाटलं, तर दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्याला सहा महिन्यांचा पगार भरपाई म्हणून मिळू शकतो. पाच आकडी पगारवाल्याला तो थोडा वाटेल, पण काहीच न मिळण्यापेक्षा खूप आहे.

शाळेबाहेरच्या नोकरीत, म्हणजे दुकान, पतसंस्था, दवाखाना, फायनान्स कंपनीत, हा कायदा नाही. तिथे प्रोबेशनच्या सुरुवातीच्या महिन्यांत नोटिशीचा मुख्य आधार नेमणुकीचं पत्रच असतं, म्हणून सही करण्याआधी त्यातली नोटिशीची ओळ वाचा. तरी एक हक्क तिथेही करार काढून घेऊ शकत नाही. काढल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत केलेल्या कामाचा सगळा पगार द्यावा लागतो. हे आधी वेतन प्रदान कायद्यात होतं, आता वेतन संहितेच्या कलम १७ मध्ये आहे.

न्यायाधिकरणाचा निकाल लागला त्या रात्री मी वडिलांना तिची सगळी गोष्ट सांगितली. करारनाम्यावर तिनेही सही केली होती, हे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी सही झाली तरी समदं संपत नाही." आणि जरा थांबून, "तुला कुणी सांगितलं नाही त्या वक्ताला."

मला कुणी सांगितलं नाही, म्हणून हे लिहिलं. एप्रिल आला की तुमच्या वस्तीतल्या प्रोबेशनवरच्या शिक्षिकेला, शिपायाला हे आधी सांगा. नंतर सांगायला तीसच दिवस असतात.

जय भीम.